दुभत्या गाईची झीज : व्याल्यानंतरचे नव्वद दिवस

गाय भरपूर दूध देते पण वेळेवर माजावर येत नाही, आली तरी दोन-तीनदा उलटते, ही तक्रार आपल्या भागातील बहुतेक संकरित गाईंच्या गोठ्यांत ऐकू येते. दोष रेतनावर ढकलला जातो. आम्ही म्हणतो, आधी गाईच्या फऱ्याकडे आणि शेपटीच्या बुडाशी पाहावे. तिथे खळगा पडला असेल आणि माकडहाडे वर आली असतील, तर कारण बहुधा तिथेच आहे.

व्याल्यानंतर दूध सहा-सात आठवड्यांत शिखराला पोचते. भूक मात्र दहाव्या-बाराव्या आठवड्यापर्यंत पुरती उघडत नाही. मधली तूट गाय आपल्या अंगच्या चरबीतून भरून काढते. एक किलो वजन झडले की त्यातून सुमारे सहा लिटर दुधापुरती ताकद निघते. ही झीज फार झाली की शरीर बीजकोशाचे काम मागे टाकते. माज लांबतो किंवा मुका होतो.

मग तेल का पाजू नये? काही जण पेंडीवर गोडेतेल ओततात. असे मोकळे तेल कोठीपोटात वैरणीला चिकटते आणि ती कुजवणारे सूक्ष्म जीव मंदावतात. रवंथ कमी होते, शेण पातळ पडते, दुधाची फॅट उतरते. बायपास फॅट म्हणजे चुन्यातील कॅल्शियमशी बांधलेली चरबी. ती कोठीपोटात विरघळत नाही. चौथ्या पोटातील आंबटपणात सुटते आणि पुढे आतड्यात पचते. पण धान्याचा भरडा बेसुमार घालून कोठीपोटच आंबट केले, तर ती तिथेच सुटते आणि पैसे वाया जातात.

प्रथिनांचेही तसेच आहे. शेंगदाणा पेंडीतील बरीचशी प्रथिने कोठीपोटातच फुटून त्यांचा अमोनिया होतो. जास्तीचा अमोनिया रक्तात युरिया बनून फिरतो, आणि तो वाढला की गर्भ धरण्यास अडथळा येतो. सरकी पेंडीतील प्रथिनांचा मोठा भाग न फुटता पुढे जातो. प्रक्रिया केलेली बायपास पेंड कारखान्यातूनच घ्यावी. घरी फॉर्मलिन शिंपडून ती करू नये. मात्रा जास्त झाली तर प्रथिने मुळीच पचत नाहीत, आणि तिची वाफ माणसालाही बाधते.

एक उदाहरण घेऊ. चारशे किलोची गाय, व्याल्यावर महिन्याने 16 लिटर दूध, आणि रोज सुमारे 700 ग्रॅम वजन उतरते आहे. तिला 20 किलो हिरवा मका, 3 किलो कडबा आणि 6 किलो खुराक मिळतो. या खुराकात 2 किलो शेंगदाणा पेंड आहे. त्यातली 1 किलो काढून 2 किलो सरकी पेंड घालावी आणि तेवढ्यासाठी 1 किलो भुसा कमी करावा. एकूण प्रथिने जवळजवळ तेवढीच राहतात, पण त्यांतली जास्त आतड्यापर्यंत पोचतात. बायपास फॅट लिटरमागे 10 ग्रॅम धरून रोज 160 ग्रॅम द्यावी. खुराक तीन वेळांत विभागून द्यावा. खनिज मिश्रण चालूच ठेवावे.

आता हिशेब पाहा. 700 ग्रॅम झीज म्हणजे चार लिटरहून अधिक दुधाची तूट. 160 ग्रॅम बायपास फॅट त्यातली सव्वा लिटरच्या आसपास भरते. बाकीची कोवळी, चविष्ट वैरण आणि वाढती भूकच भरणार. या पुडीने गाय एकदम गुबगुबीत होईल असे सांगणाऱ्या दुकानदाराकडे लक्ष देऊ नये.

एक धोका मात्र ध्यानात ठेवावा. ताकद न वाढवता नुसती बायपास प्रथिने दिली, तर गाय दूध वाढवते आणि त्यासाठी आपलेच अंग आणखी झिजवते. मालक खूष होतो, माज दूरच राहतो. म्हणून दोन्ही बरोबर द्यावीत.

सुरुवात विण्याच्या दहा दिवस आधी थोड्या चरबीने करावी. तिचा वास काही गाईंना आवडत नाही. 25 ग्रॅमपासून आठवडाभरात वाढवत न्यावे. शंभराव्या दिवशी माज नाही म्हणून सुरू करणाऱ्यास उशीर झालेला असतो, कारण माजाचे बीज दोन-तीन महिने आधीपासून वाढत असते. विताना फार लठ्ठ असलेली गाय उलट जास्त झडते. ती खुराक सोडून नुसती वैरण चघळू लागली आणि श्वासाला गोडसर वास आला, तर पुडीवर न थांबता जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे.

दिवसाला आठ लिटरच्या आत दूध देणाऱ्या गाईला हा खर्च करू नये. तिला चांगली वैरण पुरते. मोठ्या दुधाच्या गाईचा फऱ्याजवळचा खळगा दर पंधरा दिवसांनी हाताने चाचपावा. नव्वद दिवसांनंतर तो भरू लागला आणि गाय गाभण राहिली, की बायपास फॅट हळूहळू कमी करून बंद करावी.