गोळी सुरू केली आणि अंगठा पेटला

माझे थोरले बंधू बँकेतून निवृत्त व्हायला आले होते, तेव्हा त्यांना गाऊटचा तिसरा झटका आला. युरिक अ‍ॅसिड ९.२ निघालं. जवळच्या डॉक्टरांनी झटका शमल्यावर अ‍ॅलोप्युरिनॉलची ३०० मिलिग्रॅमची गोळी रोज एक अशी लिहून दिली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. तिसऱ्या आठवड्यात मात्र दादांचा उजवा अंगठा रातोरात लालभडक सुजला. पंख्याचा वारासुद्धा सोसवेना. पहाटे वहिनींनी गोळ्यांची पट्टी उचलून कपाटात टाकली. ‘हे औषध यांना सोसत नाही,’ असं घरात एकमतानं ठरलं.

पुढे वर्षभर तेच चक्र चाललं. चार महिने बरे गेले की झटका यायचा, मग गोळी पुन्हा सुरू व्हायची, काही दिवसांत पुन्हा झटका आणि पुन्हा गोळी बंद. गोळीला दोष देणं सोपं होतं, कारण ती आणि दुखणं दर वेळी हातात हात घालून येत होती. प्रत्यक्षात ती गोळी सांगितलेलं काम चोख करत होती, आणि दुखणं त्या कामातूनच उद्भवत होतं.

हे काम कसं चालतं ते आधी पाहू. आपल्या पेशींमधल्या डीएनए-आरएनएमध्ये आणि मटण, मासळी यांसारख्या खाण्यात प्युरीन नावाचे घटक असतात. ते मोडत मोडत हायपोझँथिनपर्यंत येतात. तिथून पुढचे दोन टप्पे झँथिन ऑक्सिडेज या एकाच विकराच्या हातात असतात. हायपोझँथिनचं झँथिन तोच करतो आणि झँथिनचं युरिक अ‍ॅसिडही तोच. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिक अ‍ॅसिड आणखी मोडणारा एक विकर असतो, माणसात तो चालत नाही. त्यामुळे तयार झालेलं युरिक अ‍ॅसिड मुख्यतः लघवीवाटे आणि काही प्रमाणात आतड्यावाटे बाहेर पडावं लागतं. तसं पुरेसं पडलं नाही, तर ते रक्तात साचत जातं.

अ‍ॅलोप्युरिनॉलचा रेणू हायपोझँथिनसारखाच दिसतो. दोन्हींत अणू तेच आणि तेवढेच, फक्त एका नायट्रोजनची आणि एका कार्बनची जागा अदलाबदल झालेली. विकर त्याला आपलंच कच्चं द्रव्य समजून धरतो आणि त्याचं ऑक्सिप्युरिनॉल बनवतो. खरी गंमत इथून सुरू होते. विकराच्या गाभ्यात मॉलिब्डेनम हा धातू असतो. ऑक्सिप्युरिनॉल त्याला इतकं घट्ट चिकटतं की विकराचं काम तासन् तास ठप्प होतं. मूळ अ‍ॅलोप्युरिनॉल एक-दोन तासांत रक्तातून ओसरतं, पण ऑक्सिप्युरिनॉल दिवसभर टिकतं. रोज एकदाच गोळी पुरते ती यामुळे. ते मूत्रपिंडावाटे बाहेर जातं, म्हणून मूत्रपिंड अधू असलेल्यांची सुरुवात ५० मिलिग्रॅमवरूनही केली जाते. न बनलेल्या युरिक अ‍ॅसिडच्या जागी उरणारं हायपोझँथिन आणि झँथिन लघवीतून निघून जातं किंवा शरीर ते पुन्हा वापरतं.

हा रेणू गाऊटसाठी घडवलेलाही नव्हता. अमेरिकेत बरोज वेलकम कंपनीत गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज रक्ताच्या कर्करोगावरच्या ६-मर्कॅप्टोप्युरिनवर काम करत होते. त्या औषधाला हाच विकर मोडून टाकत असे. विकराला अडवायला त्यांनी अ‍ॅलोप्युरिनॉल वापरलं, तर रुग्णांचं युरिक अ‍ॅसिडही घसरलेलं दिसलं. १९६६मध्ये अमेरिकेत ते गाऊटसाठी मंजूर झालं आणि १९८८मध्ये दोघांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

मग रक्तातलं युरिक अ‍ॅसिड उतरत असताना अंगठा का पेटावा?

कारण दुखणं रक्तातल्या युरिक अ‍ॅसिडचं नसतं, सांध्यात साठलेल्या स्फटिकांचं असतं. शरीराच्या तापमानाला पातळी साधारण ६.८च्या वर राहिली की सोडियम युरेटचे सुईसारखे स्फटिक बनू लागतात. पायाचा अंगठा शरीराच्या मानानं थंड, त्यामुळे तिथे ते लवकर धरतात. अनेक वर्षांत कूर्चेवर आणि सांध्याच्या अस्तरावर त्यांचा थर बसतो. त्यांच्यावर प्रथिनांचं आवरण चढलेलं असतं आणि शरीर त्यांना बहुतेक वेळ निमूट सांभाळून घेतं. गोळीनं रक्तातली पातळी झपाट्यानं खाली आणली की हा थर विरघळू लागतो. पाण्यात टाकलेल्या खडीसाखरेसारखा तो कडांनी झिजतो, सैल होतो आणि त्याचे बारीक कण सांध्याच्या द्रवात सुटतात. या उघड्या पडलेल्या कणांना तिथल्या भक्षक पेशी गिळतात, आणि त्या पेशींमधून इंटरल्युकिन-१ बीटा हे दाह भडकवणारं द्रव्य बाहेर पडतं. त्याच्या हाकेवर पांढऱ्या पेशींच्या झुंडी येतात. रात्रीत अंगठा सुजतो तो असा.

गोळी बंद केल्यावर काय होतं, तेही यातून कळतं. काही दिवसांत विकर मोकळा होतो, पातळी पुन्हा चढते आणि अर्धवट विरघळलेल्या थरावर नवे स्फटिक बसतात. पुढच्या वेळी गोळी सुरू केली की विरघळण्याची तीच सुरुवात नव्यानं भोगावी लागते. दादांचं वर्ष असंच गेलं.

अखेर एका संधिवाततज्ज्ञांनी सगळ्या तारखा कागदावर मांडून घेतल्या आणि म्हणाल्या, ‘काका, आता मी सांगेपर्यंत ही गोळी थांबवायची नाही. फक्त सुरुवात हळू करू आणि आधाराला दुसरी गोळी ठेवू.’ त्यांनी १०० मिलिग्रॅमपासून सुरुवात केली. सोबत कॉल्चिसीन ०.५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. हे औषध पांढऱ्या पेशींची धावपळ आवरतं, युरिक अ‍ॅसिड कमी करत नाही. अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू करणाऱ्या ४३ रुग्णांची एक चाचणी २००४मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात नुसतं अ‍ॅलोप्युरिनॉल घेणाऱ्यांपैकी ७७ टक्के लोकांना झटका आला, कॉल्चिसीनची जोड असलेल्यांपैकी ३३ टक्क्यांना. म्हणजे आधार असूनही झटका येऊ शकतो. दादांना दुसऱ्या महिन्यात सौम्य झटका आलाच. त्या वेळी दाहशामक औषध थोडे दिवस वाढवलं, अ‍ॅलोप्युरिनॉल तसंच चालू ठेवलं.

दर महिन्याला रक्त तपासून १०० मिलिग्रॅमनं मात्रा वाढवत नेली. ३०० मिलिग्रॅमवर आकडा ६.४ आला, ४००वर ५.५. सहाच्या खाली राहणं हे ध्येय होतं, कारण तिथे नवे स्फटिक बनत नाहीत आणि जुने विरघळत राहतात. सहा महिन्यांनी कॉल्चिसीन बंद झालं. दादांच्या कोपरावर स्फटिक साठून झालेली गाठ मात्र पुढचं वर्षभर कणाकणानं जिरत होती.

झटक्याच्या ऐन भरात केलेल्या तपासणीत युरिक अ‍ॅसिड बरेचदा सामान्य दिसतं. त्यावरून काही ठरवू नये, झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावं. कॉल्चिसीन घेताना जुलाब लागले किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक सुरू व्हायचं असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगावं. अ‍ॅझाथायोप्रिन किंवा मर्कॅप्टोप्युरिन चालू असेल तर तेही आधीच सांगायला हवं. ती औषधं याच विकराकडून मोडली जातात, त्यामुळे अ‍ॅलोप्युरिनॉलसोबत ती अंगात साठून धोका होतो.

अंगठा दुखला म्हणून गोळी थांबवायची नाही, पण एका कारणासाठी ती त्याच क्षणी थांबवायची: अंगावर पुरळ. पहिल्या दोन-तीन महिन्यांत पुरळ उठलं, सोबत ताप आला, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले, तर पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय गाठावं. ही अ‍ॅलर्जी विरळ असली, तरी तिनं जीव जाऊ शकतो. सुरुवातीची मात्रा कमी ठेवण्यामागे झटक्याइतकंच हेही कारण आहे.