शिष्यवृत्तीच्या जुन्या प्रश्नपत्रिका : घरी सराव कसा घ्यावा

शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली की कागलमधील अनेक घरांत जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे येतात. रोज एक पत्रिका सोडवून घ्यायची आणि गुण लिहून ठेवायचे, एवढाच सराव पुष्कळदा होतो. परंतु आमच्या मते जुनी पत्रिका गुण मोजण्यासाठी नसून मूल कोठे अडते हे शोधण्यासाठी असते.

प्रथम पत्रिका निवडावी. २०१७ मध्ये ही परीक्षा चौथीऐवजी पाचवीला होऊ लागली, म्हणून त्याआधीच्या पत्रिका चौथीच्या अभ्यासक्रमावर आहेत, हे ध्यानात ठेवावे. राज्य परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावरून पत्रिकेसोबत अंतिम उत्तरसूची घ्यावी. अंतरिम सूचीतील काही उत्तरे हरकतींनंतर बदललेली असू शकतात.

एका पेपरात ७५ प्रश्न व ९० मिनिटे असतात. प्रारंभी घड्याळ बाजूला ठेवून केवळ १० प्रश्न द्यावेत. पुढे २५ प्रश्नांना ३० मिनिटे द्यावीत. प्रमाण तेच राहते. संपूर्ण पेपर अखेरच्या काही आठवड्यांतच घ्यावा.

आता एक उदाहरण पाहू. रांगेत एक मुलगा डावीकडून बारावा व उजवीकडून पंधरावा आहे, तर रांगेत एकूण मुले किती? मूल २७ हा पर्याय निवडते. येथे ‘चूक’ म्हणून थांबू नये. ‘कसं काढलंस, सांग बरं’ असे विचारावे. मूल म्हणेल, ‘बारा आणि पंधरा मिळवले.’ मग पाच चिंचोके मांडून डावीकडून तिसरा दाखवावा. तोच उजवीकडूनही तिसरा आहे. तीन आणि तीन सहा होतात, चिंचोके मात्र पाचच! तो एक चिंचोका दोनदा मोजला गेला, हे मुलालाच दिसते आणि २६ हे उत्तर ते स्वतः काढते. आठवड्याने हाच प्रश्न संख्या बदलून द्यावा. तीच पत्रिका पुन्हा दिल्यास मूल रीतीऐवजी पर्यायाचा क्रमांक आठवते.

प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावे : रीत समजली नाही, प्रश्न घाईने वाचला, की वर्तुळ चुकीचे रंगवले. सलग उत्तरे चुकली असतील आणि ती एकेक घर सरकवताच जुळत असतील, तर मुलाने एक प्रश्न सोडला, पण त्याचे वर्तुळ मोकळे ठेवले नाही, असे समजावे. तेथे गणित नव्हे, उत्तरपत्रिका भरणे शिकवावे.

मूल प्रत्येक उत्तरानंतर आपल्या चेहऱ्याकडे पाहू लागले, पत्रिका लपवू लागले किंवा न वाचताच वर्तुळे रंगवू लागले, तर सराव भीतीपोटी चालला आहे. अशा वेळी दोन दिवस पत्रिका मिटून ठेवावी आणि पुन्हा १० प्रश्नांवर यावे. शेजारच्या मुलाचे गुण घरात काढू नयेत. दिवसपाळी करून थकून आलेल्या पालकांनी रोज बसलेच पाहिजे असे नाही. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, चुकांच्या वहीपुरते बसले तरी पुरे.