आकडा मोठा, पण कोणत्या तापमानाला?

प्रश्न : आमचा छोटा केबल कारखाना आहे. आमचं डेटाशीट पाहून इंजिनिअर पुन्हा फोन करून तेच विचारतात. कुठे चुकतंय?

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या डेटाशीटवर ॲम्पिअरचा रकाना ठळक आहे, पण हवेचं तापमान तिसऱ्या पानाच्या तळटीपेत दडलंय. फोन त्यासाठीच येतात.

एक्सएलपीई केबलचा वाहक ९० अंशांपर्यंत तापू शकतो. समजा, एका शीटवर २०० ॲम्पिअर आहेत, पण ३० अंश हवेसाठी. दुसऱ्यावर १९०, पण ४० अंशांसाठी. पहिल्या केबलला तापायला ६० अंशांची मुभा आहे, ४० अंशांच्या हवेत ती ५० उरते. ५० भागिले ६० याचं वर्गमूळ ०.९१, म्हणजे २०० चे साधारण १८३ होतात. १९० वालीच सरस! म्हणून रकान्याच्या डोक्यावरच लिहा : ‘हवेत, ४० अंश सेल्सिअस, ॲम्पिअर’. जमिनीतल्या केबलसाठी वेगळा रकाना द्या, त्यात मातीचं तापमान आणि खोली हवीच.

रोधाचंही तसंच. ९५ चौ. मिमी ॲल्युमिनिअमचा कमाल रोध २० अंशांना किलोमीटरला ०.३२० ओहम, पण ९० अंशांना सुमारे ०.४१. व्होल्टेज ड्रॉप काढणाऱ्याला दुसरा आकडा लागतो, आणि अनेक शीटांवर नेमका तोच नसतो. दोन्ही शेजारी छापा.

एका आकाराला एक ओळ, एकक फक्त शीर्षकात, दशांशचिन्हं एकाखाली एक. कंपनीची माहिती शेवटच्या पानावर न्या.