बाटलीमागे 90 रुपये, डाळीमागे 10

प्रश्न : तालुक्याच्या गावी आमचं किराणा दुकान आहे. फडताळात आता नव्या मालाला जागा नाही, म्हणून काही वस्तू बंद करायच्या असं ठरलं आहे. मी हिशेब केला तर ऑलिव्ह तेलाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीमागे 90 रुपये सुटतात, तूरडाळीच्या किलोमागे 10 आणि साखरेच्या किलोमागे जेमतेम 1. माझ्या मते साखर बंद करावी. मुलगा म्हणतो तेल बंद करा, कारण महिन्याला चारच बाटल्या जातात. कोणाचं बरोबर?

उत्तर : तुम्ही पाहताय तो नफा एका नगाचा आहे, आणि मुलगा पाहतोय तो खप. निर्णयासाठी दोन्ही आकडे लागतात, पण त्यांच्याबरोबर तिसराही लागतो : त्या वस्तूत तुमचे किती पैसे अडकून पडलेले असतात. तो महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी माल मोजून, खरेदीच्या भावानं काढायचा आणि दोन्हींची सरासरी घ्यायची.

तुमच्या पत्रातल्या वस्तूंचंच उदाहरण घेऊ. बाकीचे आकडे मी धरले आहेत, त्या जागी तुमचे घाला. बाटलीची खरेदी 450 रुपये आणि वितरक बाराची पेटी देतो, म्हणून दुकानात सरासरी 12 बाटल्या असतात असं धरू. अडकले 5400 रुपये. महिन्याला चार बाटल्या गेल्या म्हणजे सुटले 360. आता तूरडाळ 120 ला घेऊन 130 ला विकली, रोज पाच किलो खपली आणि दुकानात सरासरी 45 किलो राहिली, तर तिथंही 5400 रुपयेच अडकतात. पण महिन्याला दीडशे किलो जाते, म्हणजे सुटतात 1500. अडकलेल्या दर शंभर रुपयांमागे तेल महिन्याला सात रुपयेही देत नाही आणि डाळ जवळजवळ 28 देते. शिवाय डाळीचा साठा नऊ दिवसांत संपतो. होलसेलरनं दहा दिवसांची उधारी दिली असेल, तर त्या डाळीत तुमचे स्वतःचे पैसे जवळजवळ नसतातच.

इथपर्यंत मुलाचं म्हणणं बरोबर वाटेल. पण सावकाश जाणारी प्रत्येक वस्तू वाईट, असा अर्थ त्यातून काढू नका. केशराची एक ग्रॅमची डबी 220 ला घेऊन 300 ला विकली आणि महिन्याला नऊच डब्या गेल्या, तरी दुकानात सरासरी दहा डब्या असतील तर अडकलेले पैसे 2200 आणि मिळकत 720. म्हणजे शेकडा 33 च्या आसपास, तुरीपेक्षाही जास्त. आणि या डब्यांना गल्ल्याजवळचा एवढासा कोपरा पुरतो. तुमची मुख्य अडचण जागेची आहे, तेव्हा हाच हिशेब फडताळाच्या दर फुटामागे एकदा करून पाहा. टिश्यू पेपरसारखा हलका पण पसरट माल त्यात पटकन उघडा पडतो.

आता तेलाकडे परत येऊ, कारण मुलाचा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. चार बाटल्यांच्या खपाला बारांचा साठा हेच मूळ दुखणं आहे. त्याच बाटल्या तीन-तीन करून आणता आल्या आणि दुकानात सरासरी तीनच राहिल्या, तर अडकतील 1350 रुपये. मिळकत तीच 360, म्हणजे शेकडा जवळजवळ 27. वस्तू तीच, गिऱ्हाईक तेच, फक्त खरेदी बदलली. तेव्हा बंद करण्याआधी वितरकाला सुट्या बाटल्या देतो का ते विचारा, किंवा शेजारच्या गावातल्या दुकानदाराबरोबर पेटी वाटून घ्या. भाव वाढवून मार्जिन सुधारण्याचा मार्ग इथं बंद आहे, कारण पॅकबंद वस्तू छापील किमतीच्या वर विकणं बेकायदा आहे. बाराचीच पेटी घ्यावी लागत असेल आणि वाटेकरीही मिळत नसेल, तर मात्र तेल काढा.

साखरेचा हिशेब याहून बारकाईचा आहे. किलोमागे 1 रुपया हा कागदावरचा नफा. 42 रुपयांच्या भावानं 50 किलोचं पोतं 2100 ला पडलं आणि तोलताना, सांडताना अर्धा किलो घट गेली, तर 43 च्या भावानं हाती येतात 2128 रुपये 50 पैसे. त्यातून पिशव्यांचे वीसेक रुपये गेले की पोत्यामागे आठ-नऊ रुपये उरतात. या एका वस्तूपुरती पाहिली तर साखर काहीच देत नाही. पण बंद करण्याआधी आठवडाभराची बिलं काढा आणि साखर असलेली बिलं वेगळी करा. त्यांत चहा, रवा, तेल, साबण दिसले, तर साखर बंद केल्यावर ते सगळं बिल दुसऱ्या दुकानात जाण्याचा धोका आहे. नुसतीच साखर नेणारी बिलं बहुसंख्य निघाली, तर गोष्ट वेगळी. माझा अंदाज, तुमच्याकडे पहिलाच प्रकार दिसेल. साखर ठेवा, पण मोकळ्या वेळात किलो-किलोच्या पिशव्या भरून ठेवून घट कमी करा.

हे आकडे दोन ठिकाणी फसवतात. वस्तू वीस दिवस दुकानात नव्हतीच, तर तिचा महिन्याचा खप कमी दिसणारच. म्हणून खपाला ती प्रत्यक्ष दुकानात असलेल्या दिवसांनी भागा. दुसरं म्हणजे हंगाम. केशर कोजागिरी-दिवाळीला उठतं, तेव्हा त्याचा निकाल चैत्रातल्या एका महिन्यावरून लावू नका, वर्षाची बिलं पाहा. आणि तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल, तर खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही. तो खरेदीच्या भावातच धरा, नाहीतर मार्जिन फुगलेलं दिसेल.

एकाच कंपनीच्या चहाची सात मापांची पाकिटं तुमच्याकडेही असतील. कात्री आधी तिथं लावा. शंभर ग्रॅमचं पाकीट नसेल तर बरीचशी गिऱ्हाइकं अडीचशेचं किंवा पन्नासचं घेतात, त्यामुळे एक माप गेलं तरी त्याचा सगळा नफा जात नाही. ऑलिव्ह तेलाला असा भाऊबंद दुकानात नाही, तिथं गेलेलं गिऱ्हाईक गेलंच.

बंद करायचं ठरलं की फक्त पुढची ऑर्डर देऊ नका. उरलेल्या मालाची एक्स्पायरी पाहा, वितरक परत घेत असेल तर वेळेत परत करा, नाहीतर खरेदीच्या भावाला काढून टाका. गल्ल्याशेजारी वही ठेवून 'मागितलं, नव्हतं' एवढं लिहीत जा. दोन महिन्यांत त्या वस्तूचं नाव दोनचार वेळाच आलं, तर निर्णय योग्य होता.

तेलातून मोकळे झालेले 5400 रुपये तुरीत घातले की तेही शेकडा 28 देतील, असं मात्र समजू नका. गावाची भूक रोज पाच किलोचीच असेल, तर दुसरं पोतं आणून दुकानात फक्त दुप्पट डाळ पडून राहील आणि तो आकडा 14 वर येईल. ते पैसे जिथं माल कमी पडून गिऱ्हाईक परत जातं तिथं घालायचे, आणि ती नावं त्याच वहीत मिळतील.