जानेवारीतलं ओव्हरक्लॉकिंग मे महिन्यात तपासा

नागपुरात एका हिवाळ्यात मी माझं ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक केलं. आफ्टरबर्नरमध्ये कोअर क्लॉक १५-१५ मेगाहर्ट्‌झने वाढवत १२० पर्यंत नेला. दर टप्प्यावर गेम चालवून पाहिला. सेकंदाला ८० फ्रेम मिळत होत्या, त्या ८४ झाल्या. म्हणजे ५ टक्के वाढ. हल्लीची कार्डं कंपनीतूनच मर्यादेच्या जवळ चालवलेली येतात, त्यामुळे याहून फार काही हाती लागत नाही. ३० फ्रेमवर अडखळणारा गेम ओव्हरक्लॉकिंगने ६० वर जात नाही.

मे महिन्यात तेच सेटिंग टिकलं नाही. पंखा कार्डावर खोलीतलीच हवा सोडतो. खोली २४ अंशांवरून ३८ वर गेली, तसं कार्डही ७० वरून ८४ वर गेलं. एवढ्या तापमानाला कार्ड स्वतःच क्लॉक कमी करू लागलं आणि मिळवलेल्या ४ फ्रेम गेल्या. शिवाय तापलेल्या चिपला तोच क्लॉक पेलत नाही. गेम मध्येच बंद पडतो किंवा स्क्रीन क्षणभर काळी होऊन ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. असं झालं की क्लॉक ३० मेगाहर्ट्‌झने खाली आणा.

मेमरीच्या बाबतीत जास्त सावध राहावं लागतं. नव्या कार्डांची मेमरी चूक झाली की तोच डेटा पुन्हा पाठवते. गेम बंद पडत नाही, पण फ्रेम कमी होतात. म्हणून दर वाढीनंतर गेममधल्या एकाच ठिकाणी फ्रेम मोजा. त्या घटल्या की मागे या.

उन्हाळ्यासाठी मी आता उलटा मार्ग धरतो: क्लॉक नेहमीचाच ठेवून व्होल्टेज कमी करायचं. आफ्टरबर्नरमध्ये Ctrl+F दाबलं की व्होल्टेजचा आलेख उघडतो. ९५० मिलिव्होल्टचा बिंदू कार्डाच्या नेहमीच्या क्लॉकपर्यंत उचला, त्यापुढचे सगळे बिंदू त्याच पातळीवर आणा आणि Apply दाबा. चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १०५० वरून ९५० वर आलात, तर ती सुमारे १८ टक्क्यांनी कमी होते. फ्रेम जवळपास तेवढ्याच राहतात आणि पंख्याचा आवाजही उतरतो. गेम बंद पडू लागला, तर व्होल्टेज थोडं वाढवा.

वॉरंटीच्या अटी आधीच वाचून घ्या. इंटेल आणि एएमडी दोघांच्याही अटींत ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान धरलेलं नाही. ते करण्याची सोय प्रोसेसरमध्ये दिलेली असली, तरी भरपाई मिळत नाही. इंटेल पूर्वी यासाठी वेगळं संरक्षण विकत असे. ते २०२१ मध्ये बंद झालं. ग्राफिक्स कार्डाच्या अटी कंपनीगणिक बदलतात. पण कार्डाचा बायोस बदलू नका. आफ्टरबर्नरमधली वाढ Reset दाबलं की जाते. बदललेला बायोस मात्र कार्डातच राहतो आणि दुरुस्ती केंद्रात तो लगेच दिसतो.