भरणा म्हणजे विक्री नव्हे

मुख्य दुकान शहापुरात आणि दुसरे शेणव्यात असले, की मालक शाखेचा हिशोब बहुधा एकाच आकड्यावर करतो: आज भरणा किती आला? माझ्या मते शाखेतली गळती नेमकी इथेच लपते. भरण्यात रोख विक्री आणि उधारीची वसुली दोन्ही मिसळलेली असतात. भातशेतीच्या या भागात पावसाळ्यात नेलेला माल कापणीनंतर फिटतो. त्यामुळे वसुलीच्या महिन्यात विक्री घटली तरी भरणा फुगतो. म्हणून साठा व ऋणको पद्धतीप्रमाणे माल, येणेकरी आणि रोकड यांची खाती वेगळी ठेवावीत, आणि शाखेला माल विक्रीच्या किमतीनेच नावे टाकावा.

समजा, महिन्याच्या सुरुवातीला शाखेत विक्रीदराने ६०,००० रुपयांचा माल होता आणि शहापुराहून २,४०,००० चा गेला. रोख विक्री १,५०,००० आणि उधार विक्री ७०,००० झाली, तर ८०,००० चा माल शिल्लक दिसायला हवा. मोजणीत ७४,००० चाच निघाला, तर तूट ६,००० ची. खरेदीवर २५ टक्के चढवून दर लावला असेल, तर यातले १,२०० न मिळालेला नफा आणि ४,८०० पदरचे नुकसान. खरेदीदराने नावे टाकलेल्या मालात ही तूट नफा कमी झाल्यासारखी भासते, आणि कुणी विचारत नाही. मात्र गिऱ्हाइकाला दिलेली सूट वेगळी नोंदवली नाही, तर तीही तूटच दिसते आणि प्रामाणिक नोकरावर विनाकारण संशय येतो.

पण याच पद्धतीची एक मर्यादा फार कमी जण ध्यानात घेतात. रोख विकलेला माल कुणाच्या नावे उधार लिहिला आणि पैसे खिशात घातले, तर माल खाते बरोबर जुळते. फक्त उधारी वाढते. मोजणीने हे कधीच पकडले जात नाही. त्यासाठी मालकाने स्वतः येणेकऱ्यांना भेटून बाकी कबूल करून घ्यावी, उधारी सांभाळणाऱ्याला पाठवून नव्हे.

रोकडीचा नियम सोपा आहे. वर धरलेल्या महिन्यात वसुली ५८,००० असेल, तर भरणा २,०८,००० चा हवा. शहापुरात २,००,००० पोचले असतील, तर उरलेले ८,००० ‘वाटेतली रोकड’ म्हणून लिहावेत आणि पुढच्या महिन्यात ते आलेच का, हे तारखेनिशी पाहावे. हमाली, चहा गल्ल्यातून भागवू देऊ नये. त्यासाठी वेगळी ठरावीक रक्कम द्यावी.

कुणी म्हणेल, आता पैसे क्यूआर कोडवरून थेट मालकाच्या खात्यात येतात, मग एवढा खटाटोप कशाला? पैसे थेट आले तरी माल शाखेतूनच गेला. ती रक्कम त्याच दिवशी शाखेची विक्री आणि शाखेचा भरणा अशी दोन्हीकडे लिहिली नाही, तर माल खात्यात तेवढीच खोटी तूट उभी राहते. दुकान लहान, म्हणून हे जड वाटत असेल, तर निदान माल मोजणे आणि बाकी कबूल करून घेणे ही दोन कामे महिन्याच्या एकाच दिवशी करा.