समीर ओंकारपेक्षा उंच आहे. पण समीर उंच आहे का?



चौथीच्या चाचणीत मी एक प्रश्न दिला होता : ‘समीर ओंकारपेक्षा उंच आहे. तर उंच कोण आणि बुटका कोण?’ उत्तर मी आधीच ठरवून ठेवलं होतं. समीर उंच, ओंकार बुटका. एका मुलीने लिहिलं, ‘सांगता येत नाही.’ मी त्यावर फुली मारली. पेपर मिळाल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, “बाई, माझे बाबा काकांपेक्षा उंच आहेत. पण काकासुद्धा आमच्या दारातून वाकूनच येतात. मग काका बुटके कसे?”

तिचं म्हणणं बरोबर होतं. का बरोबर होतं, ते आज पाहू.

समजा समीरची उंची १२८ सेंटीमीटर आहे आणि ओंकारची १२४. वर्गातली बाकीची बहुतेक मुलं १३० ते १३८ च्या दरम्यान आहेत. आता ‘समीर ओंकारपेक्षा उंच आहे’ हे वाक्य खरं आहे. त्यासाठी दोघांची मापं शेजारी ठेवली की झालं, वर्गातली इतर मुलं पाहावी लागत नाहीत. पण ‘समीर उंच आहे’ हे वाक्य या वर्गात खोटं ठरतं. तिथे आपण समीरचं माप ओंकारशी ताडत नाही, तर मनातल्या एका खुणेशी ताडतो. ती खूण वाक्यात कुठेच लिहिलेली नसते. आपण कोणाबद्दल बोलतोय त्यावरून ती ठरते. हाच समीर दुसरीच्या वर्गात जाऊन उभा राहिला, तर तिथली मुलं त्याला उंच म्हणतील. समीर तेवढाच राहिला, खूण खाली आली.

म्हणजे ‘पेक्षा’च्या वाक्यात दोन मापं असतात आणि नुसत्या ‘उंच’च्या वाक्यात एक माप आणि एक न दिसणारी खूण असते. मराठीत मुलांचा गोंधळ होण्याचं आणखी एक कारण आहे. दोन्ही वाक्यांत शब्द एकच, ‘उंच’. आपल्याकडे तुलनेसाठी विशेषणाचं रूप बदलत नाही. संस्कृतातून आलेल्या ‘उच्च, उच्चतर, उच्चतम’ अशा मोजक्या शब्दांत ते बदलतं. (या ‘तर’ आणि ‘तम’ प्रत्ययांपासूनच ‘तारतम्य’ हा शब्द झाला आहे.) रोजच्या बोलण्यात तुलनेचं सगळं काम ‘पेक्षा’ करतो. मूल ‘ओंकारपेक्षा’ एवढं गाळतं आणि उरलेलं वाक्य तसंच खरं मानतं. मोजमापाच्या वाक्यातही तसंच होतं. ‘ओंकार १२४ सेंटीमीटर उंच आहे’ असं म्हटल्याने ओंकार उंच ठरत नाही, फक्त त्याचं माप कळतं. ‘१२४ सेंटीमीटर बुटका’ असं मात्र कोणी म्हणत नाही.

आता ‘पेक्षा’च्या जागी ‘च्या मानाने’ घालून बघा. ‘समीर वयाच्या मानाने उंच आहे’ इथे ती न दिसणारी खूण आपण उघड सांगितली. म्हणून दोन मुलांत एकाच सेंटीमीटरचा फरक असेल, तर ‘हा त्याच्यापेक्षा उंच आहे’ हे बिनदिक्कत म्हणता येतं. पण ‘हा त्याच्या मानाने उंच आहे’ हे कानाला खटकतं. तिथे फरक डोळ्यांत भरण्याइतका लागतो. वर्गात ही दोन वाक्यं फळ्यावर शेजारी लिहा आणि कोणतं कधी म्हणाल, ते मुलांनाच विचारा.

इथपर्यंतचा नियम सोपा वाटतो : ‘पेक्षा’च्या वाक्यावरून नुसत्या विशेषणाबद्दल काही ठरवता येत नाही. पण हा नियम सगळ्या विशेषणांना लागू नाही आणि शिकवताना नेमकी इथेच चूक होते. ही दोन वाक्यं पाहा.

‘हा रुमाल त्या रुमालापेक्षा ओला आहे.’ यावरून हा रुमाल ओला आहे हे नक्की कळतं. ‘ओला’ची खूण पट्टीच्या अगदी सुरुवातीला असते. थोडं जरी पाणी असलं तरी रुमाल ओला. त्यामुळे दुसऱ्यापेक्षा ओला असणारा रुमाल ती खूण ओलांडूनच पुढे गेलेला असतो.

‘ही रेघ त्या रेघेपेक्षा सरळ आहे.’ इथे उलट होतं. ‘सरळ’ची खूण पट्टीच्या शेवटच्या टोकाला असते, सरळपणाच्या पुढे आणखी सरळ काही नसतं. म्हणून या वाक्यावरून ‘ती’ रेघ पूर्ण सरळ नाही एवढं नक्की कळतं. ‘ही’ पूर्ण सरळ आहे की नाही, ते कळत नाही.

उंचीच्या पट्टीला वर असं टोकच नाही, म्हणून तिथे खूण संदर्भाने ठरवावी लागते. ओळखायची एक युक्ती सांगते. विशेषणाआधी ‘पूर्ण’ लावून पाहा. ‘पूर्ण सरळ’, ‘पूर्ण कोरडा’, ‘पूर्ण रिकामा’ चालतं, कारण तिथे टोक आहे. ‘पूर्ण उंच मुलगा’ चालत नाही, ‘पूर्ण लांब दोरी’ही नाही.

हा फरक मुलांना किती कळतो, ते घरी दोन मिनिटांत पाहता येतं. दोन पेन्सिली घ्या, दोन्ही झिजून आखूड झालेल्या, पण एक दुसरीपेक्षा थोडी लांब. ‘मला लांब पेन्सिल दे’ म्हणा. मूल त्यातली लांब पेन्सिल देईल आणि मोठा माणूसही तीच देईल, कारण दोनच वस्तू समोर असल्यावर खूण त्या दोघींच्या मध्ये सरकते. आता दोन पारदर्शक बाटल्या घ्या, एक अर्धी आणि एक पाऊण भरलेली. ‘मला भरलेली बाटली दे’ म्हणा. मोठी माणसं सहसा म्हणतात, “यातली एकही भरलेली नाही.” सीरेट, केनेडी आणि लिड्झ या भाषा-अभ्यासकांनी तीन ते पाच वर्षांच्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर असेच प्रयोग केले, ते २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. लांब-मोठ्याच्या बाबतीत मुलं मोठ्यांसारखीच वागली, पण भरलेल्या बरणीच्या बाबतीत बरीच मुलं जास्त भरलेली बरणी उचलून देत होती. मात्र मुलाने पाऊण बाटली दिली, म्हणून लगेच त्याला ‘भरलेली’चा अर्थ कळत नाही असं समजू नका. आपणही जवळजवळ भरलेल्या बसला ‘भरलेली’ म्हणतोच. त्याला पुढे एवढंच विचारा, “हिच्यात अजून पाणी मावेल का?” ‘हो’ म्हणून ते थबकलं, तर अर्थ त्याला माहीत आहे.

आता माझ्या प्रश्नाकडे परत येते. ‘दोघांत उंच कोण?’ असं मी विचारलं असतं, तर ‘समीर’ हे उत्तर निर्विवाद होतं. ‘दोघांत’ या शब्दाने खूण दोघांच्या मध्ये आणून ठेवली असती. तो शब्द मी गाळला आणि मुलीने प्रश्न जसा होता तसा वाचला. मी तिची फुली खोडली आणि गुण दिला. पुढच्या चाचणीत प्रश्न असा घातला : ‘समीर ओंकारपेक्षा उंच आहे. खालीलपैकी कोणतं वाक्य नक्की खरं? (अ) समीर उंच आहे. (आ) ओंकार बुटका आहे. (इ) ओंकारची उंची समीरपेक्षा कमी आहे.’ आणि त्याखाली तोच प्रश्न दोन रुमालांबद्दल.

तुमच्याही प्रश्नसंचात ‘लहान कोण, मोठा कोण’ असे प्रश्न असतील. ‘दोघांत’ हा शब्द त्यात आहे का, तेवढं एकदा तपासून घ्या.